शेण थापावं की टाकीत घालावं? लाकूड, गोवरी, गोबरगॅस आणि सिलिंडरचा घरच्या घरी हिशेब

दोन गाई आणि एक म्हैस गोठ्यात बांधलेली असतील तर रोज साधारण ३५ किलो शेण निघतं. त्याच्या गोवऱ्या थापून वाळवल्या तर त्यांत सुमारे २०,००० किलोकॅलरी उष्णता असते. तेच शेण गोबरगॅसच्या टाकीत घातलं तर मिळणाऱ्या गॅसमध्ये जेमतेम ६,००० किलोकॅलरी येतात. म्हणजे गोवऱ्यांत तिप्पट ऊर्जा. तरीही स्वयंपाक गॅसवर जास्त होतो, आणि थोडाथोडका नाही तर दीडपटीहून अधिक. हे कसं घडतं ते एकदा कळलं की इंधनांची तुलना करायची रीतच बदलते. पुणे जिल्ह्यातल्या पाच माणसांच्या घराचं उदाहरण घेऊन हा हिशेब पायरीपायरीने करू. आकडे नमुन्याचे आहेत, त्यांच्या जागी तुमच्या घरचे घालायचे.

आधी माप ठरवू. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांना उकळतं. पुढच्या चाचणीत हाच आकडा धरायचा आहे.

सिलिंडरपासून सुरुवात करा

घरात गॅस असेल तर घराची गरज मोजायला त्याच्याइतकं सोपं साधन नाही. त्यातलं वजन ठरलेलं असतं आणि गुणवत्ता बदलत नाही. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो आणि एका किलोत सुमारे १०,९०० किलोकॅलरी. नवा सिलिंडर लावला की कॅलेंडरवर खूण करा, संपला की पुन्हा करा. मात्र त्या काळात स्वयंपाक खरंच फक्त गॅसवर झालेला हवा. भाकरी चुलीवर आणि चहा गॅसवर असं चालू असेल तर आकडा फसवा निघेल.

समजा सिलिंडर ४५ दिवस पुरला. म्हणजे रोज ३१५ ग्रॅम गॅस, उष्णता सुमारे ३,४४० किलोकॅलरी. ही सगळी भांड्यात जात नाही. शेगडीच्या भारतीय मानकात किमान ६८ टक्के कार्यक्षमता अपेक्षित आहे, पण ती चाचणी ठरलेल्या मापाचं भांडं घेऊन, वारा नसलेल्या खोलीत होते. घरी दुधाचं लहान पातेलं मोठ्या बर्नरवर असतं, ज्योत बाजूने वर निघून जाते, बर्नरची भोकं खरकट्याने बुजलेली असतात. म्हणून ६० टक्के धरा. उरले सुमारे २,०६५ किलोकॅलरी. ही पाच माणसांच्या स्वयंपाकाची रोजची गरज, भांड्यात पोचलेल्या उष्णतेत मोजलेली. यापुढे प्रत्येक इंधनाला विचारायचं ते इतकंच, की एवढी उष्णता भांड्यात पोचवायला तुझे किती किलो लागतील?

लाकूड: जात नंतर, ओल आधी

बाभळीचा जाळ चांगला की सुबाभळीचा, यावर चावडीवर तास निघतो. प्रत्यक्षात किलोमागची उष्णता जातीजातींत फारशी बदलत नाही. अगदी कोरडं लाकूड कुठलंही घ्या, किलोला ४,४०० किलोकॅलरींच्या आसपासच भरतं. बदलते ती घनता. बाभूळ जड, म्हणून एकाच मापाच्या मोळीत वजन जास्त बसतं आणि निखारा बराच वेळ टिकतो. पांगारा हलका, भराभर जळून जातो. मोळीच्या भावाने लाकूड घेत असाल तर जात पाहा, वजनाच्या भावाने घेत असाल तर ओल पाहा.

ओल मोजायची तर ओंडक्याचं टोक घेऊ नका, ते आधीच वाळलेलं असतं. मधून कापा, त्याच्या बारीक ढलप्या काढा आणि बरोबर एक किलो तोलून घ्या. आठवडाभर रोज उन्हात आणि रात्री चुलीच्या उबेला ठेवा. वजन उतरायचं थांबलं की पुन्हा तोला. ८८० ग्रॅम भरलं तर १२ टक्के पाणी गेलं, आणि उन्हात न जाणारं आठेक टक्के अजून आत आहे, म्हणून एकूण २० टक्के धरा. आता हिशेब असा की एका किलोत लाकूड ८०० ग्रॅम, त्याचे ३,५२० किलोकॅलरी. उरलेल्या २०० ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे १२० खर्च. हाती राहिले ३,४००.

हेच लाकूड ओलं, निम्मं पाणी असलेलं जाळलं तर किलोला १,९०० सुद्धा मिळत नाहीत. शिवाय जाळ थंड राहतो, धूर वाढतो आणि फुंकणी हातातून सुटत नाही, म्हणजे चुलीची कार्यक्षमताही घसरते. मुळशी-वेल्ह्याकडे पावसाळ्याची बेगमी एप्रिल-मेमध्ये फोडून छपराखाली रचून ठेवतात, त्याला हे कारण आहे. लाकूड न फोडता नुसतं रचलं तर साल आतली ओल धरून ठेवते आणि जुलैत पस्तावायची पाळी येते.

चुलीची परीक्षा

कार्यक्षमतेचा आकडा पुस्तकातून घेण्यापेक्षा घरी काढा, अर्धा दिवसही लागत नाही. रोजचं पातेलं घ्या, त्यात पाच लिटर पाणी भरा. झाकण ठेवायचं नाही, कारण किती वाफ गेली ते मोजायचं आहे. पाण्याचं तापमान बघा, समजा २५ अंश आहे. दोन किलो वाळलेलं लाकूड तोलून बाजूला ठेवा आणि त्यातूनच जाळा. पाणी उकळलं की तसंच अर्धा तास उकळत ठेवा. मग जाळ बंद करा, उरलेलं लाकूड तोला, निखारे वाळूत किंवा झाकणबंद डब्यात विझवून कोळसा तोला आणि पातेल्यातलं पाणीही तोला.

नमुन्यादाखल एक नोंद. लाकूड १.६ किलो जळलं, म्हणजे ५,४४० किलोकॅलरी. कोळसा १०० ग्रॅम उरला. कोळशाच्या किलोत सुमारे ७,००० किलोकॅलरी असतात, म्हणून ७०० वजा. खरा खर्च ४,७४०. पाण्याकडे बघू. पाच लिटर २५ वरून ९८ अंशांवर गेलं, त्याचे ३६५. पाणी ५५० ग्रॅम कमी भरलं, तेवढ्याची वाफ झाली. वाफेला किलोमागे ५४० लागतात, म्हणून सुमारे २९७. एकूण ६६२. चार हजार सातशे चाळिसातले सहाशे बासष्ट, म्हणजे १४ टक्के.

तीन दगडांची किंवा साधी मातीची चूल बहुधा १० ते १८ टक्क्यांच्या दरम्यान सापडते. तुमची १० च्या खाली आली तर आधी तोंड बघा. तोंड फार मोठं असेल तर गार हवा आत शिरते. भांडं जाळापासून फार उंच असेल तर ज्योतीचं टोक तळाला पोचत नाही. तळाला काजळीचा जाड थर असेल तर तीही उष्णता अडवते. चुलीला वैल असेल तर चाचणीत वैलावरही तोललेलं पाणी ठेवा. पुढच्या भांड्याला चुकवून गेलेली उष्णता वैल पकडतो, त्याला हिशेबातून वगळलं तर चुलीवर अन्याय होईल.

१४ टक्क्यांनी किलोमागे ३,४०० पैकी ४७६ किलोकॅलरी भांड्यात जातात. आपल्या घराची गरज २,०६५, म्हणून रोज सुमारे ४.३ किलो वाळलेलं लाकूड. चांगल्या सुधारित चुलीने २५ टक्के गाठले तर तेच काम अडीच किलोच्या आत होतं. इंधन न बदलता लाकूड वाचवायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. पण बसवलेली चूल खरंच २५ टक्के देते का, हे वरच्याच चाचणीने तपासा. धुराडं काजळीने चोंदलेली सुधारित चूल साध्या चुलीपेक्षा फार बरी नसते.

गोवरी

गोवरीत लाकडापेक्षा उष्णता कमी, कारण तिच्यात राख फार. वाळलेल्या चांगल्या गोवरीला किलोमागे २,६०० किलोकॅलरी धरू. अंगणातलं शेण मातीसकट गोळा केलं असेल तर हा आकडा झपाट्याने खाली येतो, कारण मातीला कितीही जाळा, ती उष्णता देत नाही. ओळखायची रीत सोपी आहे. एक किलो गोवऱ्या पूर्ण जाळा आणि राख तोला. पाव किलोच्या आसपास असेल तर ठीक, चारशे ग्रॅम भरली तर तुम्ही माती थापता आहात.

गोवरी धुमसते, ज्योत धरत नाही. दूध आटवायला, विस्तव धरून ठेवायला हे सोयीचं, पण भांड्यात पोचणारा वाटा लाकडापेक्षाही कमी, सुमारे १० टक्के. किलोमागे २६० किलोकॅलरी. आपल्या घराला रोज जवळजवळ आठ किलो गोवऱ्या लागतील.

तेच शेण टाकीत

आता सुरुवातीचं कोडं सोडवू. गोठ्यात बांधून असलेल्या देशी गाईचं रोज साधारण १० किलो आणि म्हशीचं १५ किलो शेण धरतात. आपल्या घरी झालं ३५. शेणात ८० टक्के पाणी असतं, म्हणून कोरडं सात किलो. वाळल्यावरही थोडी ओल राहते, तेव्हा गोवऱ्या भरतील ७.८ किलो. त्यांची एकूण उष्णता २०,२८० आणि भांड्यात पोचणारी २,०२८. स्वयंपाक जेमतेम निघतो.

टाकीत घातलं तर किलोमागे साधारण ३६ लिटर गॅस, म्हणजे दिवसाला १.२६ घनमीटर. गोबरगॅसमध्ये मिथेन ५५ ते ६० टक्के असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, जो जळत नाही. म्हणून घनमीटरमागे सुमारे ४,७०० किलोकॅलरीच, एकूण ५,९२०. पण बर्नर ५५ टक्के उष्णता भांड्यात देतो. पोचले ३,२५७. शेण थापून जे मिळालं असतं त्याच्या १.६ पट.

उरलेली चौदा हजार किलोकॅलरी कुठे गेली? कुठेच नाही. टाकीतले जीवाणू शेणातला पचण्याजोगा भाग खातात. काडीकस, चिवट धागे त्यांना पचत नाहीत, ते टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ शेणकाल्यातून, म्हणजे रबडीतून बाहेर येतात आणि शेतात जातात. त्यांच्यासोबत नत्रही जातो. गोवरी जाळली की तो नत्र धुराबरोबर उडतो आणि मागे राख राहते. एलपीजीशी तुलना करताना हा खताचा भाग कुठल्याच तक्त्यात नसतो, पण बारामती-इंदापूरच्या ऊसवाल्याला विचाराल तर तो गॅसपेक्षा रबडीचीच किंमत आधी सांगेल.

तुम्ही एक तक्ता पाहिला असेल: १ घनमीटर गोबरगॅस म्हणजे ०.४३ किलो एलपीजी, ३.४७ किलो लाकूड, १२.३ किलो गोवऱ्या. तो चुकीचा नाही, पण त्यात लाकूड किलोला ४,७०० किलोकॅलरींचं, म्हणजे जवळजवळ शून्य ओलीचं धरलंय, चूल १७.३ टक्क्यांची आणि गोवरी किलोला २,०९० ची. आपल्या आकड्यांनी एक घनमीटर म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास लाकूड आणि दहा किलो गोवऱ्या. एलपीजीचा आकडा मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच येतो, ०.४ किलो. गॅसची शेगडी घराघरात फारशी बदलत नाही, चूल बदलते.

आपल्या घराचा रोजचा १.२६ घनमीटर गॅस अर्धा किलो एलपीजीचं काम करतो. तेवढ्या वापराला सिलिंडर अठ्ठावीस दिवस पुरतो, म्हणजे साधारण महिन्याला एक.

अंघोळीचं पाणी विसरू नका

गावोगाव ऐकू येणारी तक्रार आहे की गॅस आला तरी लाकूड कमी होत नाही. त्याचं उत्तर बहुतेक वेळा न्हाणीघरात असतं. पाच माणसांना प्रत्येकी १५ लिटर पाणी, २२ अंशांवरून ४२ वर न्यायचं. पंचाहत्तर लिटर गुणिले वीस अंश म्हणजे १,५०० किलोकॅलरी. दिवसभराच्या स्वयंपाकाच्या जवळजवळ तीन चतुर्थांश! उघड्या चुलीवर त्याला तीन किलोहून जास्त लाकूड लागतं. बंबात जाळ मधोमध आणि पाणी भोवती असल्यामुळे खर्च कमी होतो.

म्हणून स्वयंपाक आणि अंघोळ यांचा हिशेब वेगळा मांडा. आपल्या घराची एकूण गरज ३,५६५ आणि गोबरगॅस देतो ३,२५७. उन्हाळ्यात पाणी मुळातच कोमट असतं, तेव्हा जमून जाईल. डिसेंबर-जानेवारीत पाणी जास्त गार आणि टाकीही थंड. जीवाणूंना ३५ अंशांच्या आसपासची ऊब आवडते. आपल्याकडे रात्री पारा दहाच्या घरात गेला की गॅस ठळकपणे घटतो, लोखंडी टोपीच्या संयंत्रात तर जास्तच. त्या दोन महिन्यांत गोबरगॅस फक्त स्वयंपाकाला ठेवायचा, अंघोळीला बंब पेटवायचा आणि एक सिलिंडर हाताशी असू द्यायचा.

पैशाचा हिशेब

तुमच्या पावतीवरची किंमत घ्या. सोयीसाठी ९०० रुपये धरू. सिलिंडरमधून भांड्यात पोचतात सुमारे ९२,९००, म्हणजे हजार किलोकॅलरींना ९ रुपये ७० पैसे. साध्या चुलीवर एक किलो लाकूड ४७६ देतं, तेव्हा लाकडाचा परवडणारा भाव किलोला ४ रुपये ६० पैसे. त्याहून महाग घेत असाल तर तुम्ही गॅसपेक्षा महाग इंधन जाळताय. २५ टक्क्यांच्या चुलीवर ही मर्यादा सव्वाआठ रुपयांपर्यंत जाते. गोवरीची मर्यादा किलोला अडीच रुपये. पुण्याच्या बाजारात होळीच्या आधी गोवरी ज्या भावाने जाते तो पाहिला, तर गोवऱ्या विकून सिलिंडर भरणारी बाई चुलीत गोवऱ्या घालणाऱ्या शेजारणीपेक्षा हिशेबात पुढे आहे.

रानातून गोळा केलेलं लाकूड फुकट धरायचं का, हे तुमच्यावर. त्यासाठी गेलेले तास बाईचे असतात म्हणून ते शून्य धरायची पद्धत आहे. मला ती पटत नाही.

टाकी बांधण्याआधी

संयंत्राचं माप माणसांवरून नको, शेणावरून ठरवा. दिवसाला एक घनमीटर गॅस देणाऱ्या संयंत्राला रोज २५ किलो शेण लागतं, दोनच्या संयंत्राला ५०. आपल्या ३५ किलोला दोनचं संयंत्र बांधलं तरी गॅस ३५ किलोंचाच मिळणार, आणि दीनबंधूसारख्या पक्क्या घुमटाच्या टाकीत दाबही कमी पडतो. जनावरं दिवसभर चरायला जात असतील तर अर्धं शेण माळावर पडतं, ते हिशेबात धरू नका. कमी पडत असेल तर खरकटं घाला. शेण हे जनावराने आधीच पचवून उरलेलं असतं, म्हणून किलोमागे अन्नातून गॅस जास्त निघतो. पुण्याच्या आरती संस्थेने याच तत्त्वावर खरकट्याचं छोटं संयंत्र तयार केलं आणि त्याला २००६ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला. फक्त एकदम बादलीभर ओतू नका, टाकी आंबते आणि गॅस पेटेनासा होतो. शौचालय जोडायचाही मार्ग आहे. देहूत डॉ. मापुसकरांनी तो करून दाखवला.

शेणाइतकंच पाणी कालवावं लागतं. पस्तीस किलोला रोज पस्तीस लिटर. पुरंदरच्या कोरड्या पट्ट्यात मे महिन्यात टँकरवर असाल तर हा प्रश्न आधी सोडवा, गवंडी नंतर बोलवा.

शेगडी गोबरगॅसचीच घ्या. घनमीटरमागे गोबरगॅसची उष्णता एलपीजीच्या पाचव्या हिश्शाइतकी, दाबही कमी, म्हणून छिद्र मोठं लागतं आणि हवा कमी. एलपीजीच्या शेगडीवर ज्योत बर्नरवरून उचलली जाते किंवा विझते. पहिल्यांदा टाकी भरल्यावर येणारा गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, त्यात हवाही मिसळलेली असते. तो पेटवायचा प्रयत्न करू नका, मोकळ्यावर सोडून द्या. नंतरची ज्योत निळी, आखूड आणि स्थिर असावी. पिवळी आणि लांब असेल तर हवा कमी पडतेय किंवा बर्नर घाण आहे. ज्योत फडफडत असेल तर नळीत पाणी साचलंय. नळीच्या सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवून घ्या आणि दर आठवड्याला उघडा.